शिक्क्याखालची सही

चंदना मोहित्यांना बंगळूरच्या कॉटनपेटेतल्या उद्योगविद्या कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षं झाली होती. पंचविसाव्या वर्षी त्या तिथं टायपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा टेबलावर रेमिंग्टन होतं. पुढं इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर आला, आणि पंच्याण्णव साली ट्रस्टनं दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक स्कॅनर घेतला. त्यांची जागा मात्र हलली नाही. खिडकीला पाठ, प्रिन्सिपलच्या केबिनकडं तोंड.

घरी कोणी नव्हतं. आईवडील गेले, धाकटा भाऊ होसकोटेला कारखान्यात लागला आणि तिकडेच संसार थाटून बसला. चामराजपेटेतल्या दोन खोल्यांत चंदनाबाई एकट्या राहायच्या. सकाळी रेडिओवर कन्नड बातम्या, दुपारी ऑफिस, संध्याकाळी येताना पावशेर भाजी. मराठी बोलायची म्हणजे ऑफिसातच, कारण ट्रस्ट मराठ्यांचा होता. रविवारी तर दूधवाल्याशी दोन शब्द बोलले तेवढेच, असंही व्हायचं.

केबिनमध्ये बसायचे ते जयसिंगराव घोरपडे, इन्स्टिट्यूटचे प्रिन्सिपल. उंच, सडपातळ, बोलायला बेताचे. एकोणीस वर्षांत या दोघांचं बोलणं कामापलीकडं फारसं गेलं नाही. "चंदना, हे पत्र आज जायला पाहिजे." "सर, सही राहिली." एवढंच. पण त्यांनी सही करताना चंदनाबाई शेजारी उभ्या असायच्या, कागद एकेक करून पुढं सरकवायच्या. काळ्या शाईचं पेन, आधी 'J'चा उभा मोठा फराटा, मग एक बारीक वळसा, शेवटी 'G'ची शेपटी मागं फिरून सगळ्या अक्षरांखालून जाणारी. शाई वाळायला चंदनाबाई कागदावर फुंकर घालायच्या. वर्षाला दोनशे-अडीचशे सर्टिफिकेटं, शिवाय पत्रं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये जयसिंगरावांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली, पण पुरती नाही. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, 'सरी'. कन्नडातला 'बरं', जो बंगळूरमधला मराठी माणूस दिवसातून शंभरदा म्हणतो. पाणी हवं असलं तरी सरी, नको असलं तरी सरी, कोणी भेटायला आलं तरी सरी. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण बाहेर पडताना शब्द तोच पडतो.

फेब्रुवारीत ऑफिस प्रॅक्टिसची परीक्षा झालेली होती. दोनशे चौदा मुलंमुली पास होऊन सर्टिफिकेटाची वाट पाहत होती. कित्येकांना नोकरीसाठी ते लगेच हवं होतं. परीक्षा घेतली तेव्हा प्रिन्सिपल जयसिंगराव होते, म्हणून सहीही त्यांचीच पाहिजे. नवा प्रिन्सिपल अजून नेमलेला नव्हता. ट्रस्टच्या बैठकीत ठराव झाला: फेब्रुवारी ९७च्या तुकडीच्या दोनशे चौदा सर्टिफिकेटांवर प्रिन्सिपलांची सही कॉम्प्युटरनं छापावी, त्यापलीकडं वापरू नये. ठराव चंदनाबाईंनीच टाइप केला. तो घेऊन त्या बसवनगुडीला जयसिंगरावांच्या घरी गेल्या. त्यांनी ठराव दोनदा वाचला, डाव्या हातानं पेन मागितलं आणि खाली एक वाकडी बरोबरची खूण केली. "सरी," ते म्हणाले. त्या वेळी ते हो म्हणताहेत याबद्दल चंदनाबाईंच्या मनात काही किंतू आला नाही.

सही आणायची कुठून, हा प्रश्न पुढं आला. ऑफिसमध्ये सह्यांना तोटा नव्हता, पण पत्रांच्या प्रती सगळ्या कार्बनच्या किंवा झेरॉक्सच्या. खऱ्या शाईची सही होती ती कोणी न्यायला न आलेल्या जुन्या सर्टिफिकेटांवर, आणि त्या प्रत्येकीवर इन्स्टिट्यूटचा गोल जांभळा शिक्का मारलेला. शिक्का सहीवर अर्धा चढवायचा, हा नियम जयसिंगरावांनीच घालून दिला होता. सहीवर शिक्का चढला की कोणाला ती सही उचलून दुसरीकडं लावता येत नाही, असं ते म्हणायचे. चंदनाबाई शिक्का मारायच्या तेव्हा त्यांचं लक्ष असायचं: "स्वल्प खाली घे."

पहिल्या दिवशी चंदनाबाईंनी त्यातल्या त्यात चांगलं एक सर्टिफिकेट स्कॅनरवर ठेवलं, जशी मुलांच्या फोटोंसाठी करायच्या तशीच सेटिंगं ठेवून स्कॅन केलं, जेपेगमध्ये सेव्ह केलं आणि सर्टिफिकेटाच्या पानावर आणून चिकटवलं. प्रिंट निघाला तो बघवेना. सहीभोवती करड्या रंगाचा चौकोन, शिक्क्याचा धुरकट डाग, आणि अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या, जणू ओल्या कागदावर सही केली होती. सर्टिफिकेटावरची छापील अक्षरं धारदार आणि सही तेवढी मळकी. हे हातात घेऊन नोकरीला गेलेल्या पोराला कोणीही विचारलं असतं, हे खरं आहे का रे?

बळेपेटेतल्या प्रेसमध्ये पुरुषोत्तम म्हणून एक पुण्याकडचे गृहस्थ डीटीपीचं काम बघायचे. इन्स्टिट्यूटची माहितीपत्रकं त्यांच्याकडं छापायला जायची. चंदनाबाई प्रिंट घेऊन त्यांच्याकडं गेल्या. पुरुषोत्तमांनी खिशातून भिंग काढून प्रिंटवर ठेवलं.

"बघा," ते म्हणाले, "तुम्हाला करडं दिसतंय ना, ते करडं नाहीच. लेझर प्रिंटरकडं काळी पूड एकच. करडं दाखवायचं तर तो काळे ठिपके लांब लांब टाकतो. सहीची कड करडी असली की तिथं ठिपके पडणार, आणि कड फुटणार. सही नुसती काळी आणि पांढरी पाहिजे. मधलं काही नको."

"आणि तो चौकोन?"

"तो कागद. जुना कागद पांढरा नसतोच. आणि जेपेग करू नका. तो जागा वाचवायला कडेच्या आजूबाजूला कचरा टाकतो. टिफ करा."

"पण शिक्क्याचं काय करू? तो सहीवरच चढलाय."

पुरुषोत्तमांनी भिंग सरकवून शिक्क्याच्या डागावर धरलं. "शाई काळी आणि शिक्का जांभळा ना? मग सुटेल. रंगीत स्कॅन करा, सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके. मग फोटोशॉपमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात, ते एकेक उघडून बघा. निळ्यात जांभळं फिकं पडतं. काळं कुठंच फिकं पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडल्या उघडल्या चंदनाबाई कामाला बसल्या. लाल चॅनेल उघडला, तर शिक्का ठळक. हिरव्यात त्याहून ठळक. निळा उघडला आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली. शिक्का विरून गेला होता. उरली होती नुसती फिकट सावली, आणि तिच्यातून वर आलेली सरांची सही. कागद पिवळा पडलेला, म्हणून निळ्यात तो उलट जास्त काळपट दिसत होता, पण सही त्याहून कितीतरी काळी होती.

तो चॅनेल त्यांनी वेगळा काढला. लेव्हल्सच्या खिडकीत पांढऱ्याचं टोक हळूहळू आत ओढलं; कागदाचा काळपटपणा गेला, शिक्क्याची सावली गेली. काळ्याचं टोक ओढलं; शाई दाट झाली. मग उरलेल्या करड्याचा निकाल लावायचा, या छटेपासून पुढं काळं, अलीकडं पांढरं. इथं मात्र गाडी अडली. आकडा कमी धरला तर 'J'नंतरचा तो बारीक वळसा तुटून जायचा, वाढवला तर 'G'चं पोट शाईनं भरून यायचं. एकाला सांभाळावं तर दुसरं बिघडावं. दिवसभर त्या आकडा एकेकानं मागंपुढं करत राहिल्या.

शेवटी वळसा टिकला आणि पोटही मोकळं राहिलं असा एक आकडा सापडला. मग उरले धुळीचे कण, शिक्क्याच्या अक्षरांचे चुकार तुकडे. पडद्यावर सही आठपट मोठी करून त्या एकेक ठिपका खोडत गेल्या. एवढी मोठी सही झाली की ती सही राहत नाही, पायऱ्यापायऱ्यांची वाट होते. चंदनाबाई त्या वाटेनं दोन दिवस चालल्या. इथं सरांनी पेन टेकवलं. इथं दाब दिला. इथं शाई क्षणभर सुटली नाही आणि रेघेत केसाएवढी फट राहिली.

ती फट त्यांनी आधी भरून टाकली. प्रिंट काढला. सही स्वच्छ होती, पण काहीतरी परकं वाटत होतं, कोणीतरी सरांची नक्कल केल्यासारखं. त्यांनी ते भरलेले ठिपके पुन्हा खोडले. एकोणीस वर्षं शेजारी उभं राहून ज्याच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं, ते आता कळत होतं. हा माणूस सही करताना मध्ये एकदा किंचित थांबायचा. कशासाठी, ते विचारायची वेळ मात्र निघून गेली होती.

संध्याकाळी घरी गेल्यावर भाजी चिरतानाही त्यांच्या डोळ्यांपुढं तो वळसा यायचा. कोणाला सांगावं असं वाटायचं. पण काय सांगणार, आणि कोणाला?

चौथ्या दिवशी त्यांनी सही टिफमध्ये सेव्ह केली. रंगीत स्कॅन तीन एमबीच्या वर, फ्लॉपीत मावेना. नुसती काळीपांढरी झाल्यावर तीच सही सव्वाशे केबीत बसली. पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅममध्ये ती कॉपीपेस्ट न करता फाइल म्हणून आणली आणि कोपरा धरून लहानमोठी केली नाही, आहे त्याच मापात ठेवली. सहाशेचं स्कॅन, सहाशेचाच प्रिंटर, ठिपक्याला ठिपका जुळला. अशा टिफमधलं पांढरं पेजमेकरला दिसत नाही, त्यामुळं 'प्रिन्सिपल' या शब्दावरची रेघसुद्धा सहीखालून अखंड गेली. प्रिंट निघाला. कडा चाकूनं कापल्यासारख्या.

तो नमुना दाखवायला त्या बसवनगुडीला गेल्या. जयसिंगरावांची सून स्मिता हिनं दार उघडलं. ती पुण्याची, लग्न होऊन चार वर्षांपूर्वी आलेली.

"या ना चंदनाताई. बाबा व्हरांड्यातच आहेत."

जयसिंगरावांनी सर्टिफिकेट डाव्या हातात घेतलं. सहीवर अंगठा फिरवला, शाई लागते का बघतात तसा. लागली नाही. मग त्यांनी तो अंगठा निरखला आणि बागेकडं तोंड वळवलं. "सरी," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं की ऊन, ते चंदनाबाईंना कळलं नाही.

दोनशे चौदा सर्टिफिकेटं आठवड्याभरात छापून झाली. शिक्का चंदनाबाईंनी हातानं मारला, नेहमीसारखा सहीवर अर्धा चढवून. मुलं येऊन घेऊन गेली. एकानंही काही विचारलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला ट्रस्टचे कार्यवाह भगवंतराव केबिनमध्ये येऊन बसले आणि त्यांनी चंदनाबाईंना आत बोलावलं. जयसिंगरावांच्या खुर्चीत त्यांना बघायची चंदनाबाईंना अजून सवय झाली नव्हती.

"काम फार सुरेख केलंत हो. मी आमच्या घरच्यांना दाखवलं. कोणी ओळखू शकलं नाही." त्यांनी एक चिठ्ठी पुढं सरकवली. "आणखी एक काढायचंय. माझा भाचा, गिरीराज. इथं येत होता तो, आठवतो ना? तारीख मात्र चौऱ्याण्णवची घाला."

गिरीराज चंदनाबाईंना चांगला आठवत होता. तीन महिने आला आणि मग येईनासा झाला.

"अण्णा, तो परीक्षेला बसला नव्हता."

"ते माहीत आहे मला. कंपनीत जागा आहे, साहेब ओळखीचे आहेत, कागद तेवढा फाइलला लागतो. पोराचं आयुष्य मार्गी लागेल."

"ठरावात दोनशे चौदाच आहेत."

"ठराव मीच मांडला होता, चंदनाक्का." भगवंतरावांचा आवाज चढला नाही. तो आणखी मऊ झाला. "कोणाचं नुकसान आहे सांगा बघू? परवापर्यंत द्या."

त्या जागेवर येऊन बसल्या. ड्रॉवरमध्ये फ्लॉपी होती, कॉम्प्युटरमध्ये फाइल होती. नाव आणि तारीख बदलायला दोन मिनिटं पुरली असती. तीन दिवस खपून त्यांनी सहीवरचा शिक्का सोडवला होता, आणि आता ती सही कुठल्याही कागदावर जाऊन बसायला मोकळी होती. सर कशाला म्हणायचे शिक्का सहीवर चढव, हे त्यांना एकोणीस वर्षं ऐकून आत्ता समजलं. आपण एवढं स्वच्छ काम केलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून त्या फ्लॉपी घेऊन जयसिंगरावांकडं गेल्या. स्मिता आत चहा करत होती. चंदनाबाईंनी सगळं सांगितलं, गिरीराजचं, चौऱ्याण्णव सालाचं. फ्लॉपी त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली.

"सर, सही तुमची आहे. तुम्ही सांगा."

जयसिंगराव ऐकत होते. ओठ हलले, मान ताणली गेली, कपाळावरची शीर फुगली. आत काहीतरी शब्दापर्यंत यायला धडपडत होतं.

"सरी," ते म्हणाले. मग चिडून पुन्हा, "सरी! सरी!"

डावा हात पुढं आला आणि त्यांनी फ्लॉपी चंदनाबाईंकडं ढकलली.

चंदनाबाईंनी ती उचलली. घेऊन जा आणि दे, असं म्हणताहेत? की घेऊन जा, माझ्यापुढं आणू नकोस? की तूच बघ? पेन पुढं केलं तरी ते काढतील त्या खुणेचा अर्थ काय धरायचा? ठरावावरच्या त्या बरोबरच्या खुणेचा अर्थ तरी आपल्याला नक्की कळला होता का? त्यांनी सरांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं राग होता. पण राग कशावर, भगवंतरावांवर, आपल्यावर की त्या एकाच शब्दावर, ते सांगायला दुसरा शब्द नव्हता.

चहा न घेताच त्या उठल्या. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, विचारायला आणखी कोण आहे? भाऊ म्हणाला असता, नोकरी सांभाळ. आई असती तर काय म्हणाली असती, तेही आता आठवेना. आपल्याला विचारायला कोणी नाही, हे तर त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पण ते असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं.

ऑफिसमध्ये आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला. सहीची फाइल एकदा उघडली. आठपट मोठी केली, ती केसाएवढी फट बघितली. मग फाइल पुसली. रंगीत स्कॅन पुसलं. सर्टिफिकेटाच्या पानातली सही काढून पान पुन्हा सेव्ह केलं. फ्लॉपी फॉरमॅट केली. वर्ग सुटायची वेळ झाली होती. बाजूच्या खोलीत टाइपरायटरांचा खडखडाट चालू होता.

भगवंतराव दुसऱ्या दिवशी आले. "झालं का?"

"सही नाहीय, अण्णा. मी पुसून टाकली."

"पुसली? कोणी सांगितलं तुम्हाला? जयसिंगरावांनी?"

सरांचं नाव घेतलं असतं तर सुटका होती. ते काही खुलासा करायला येणार नव्हते. चंदनाबाईंच्या जिभेवर ते आलंही.

"नाही. मीच."

"मग पुन्हा करा. जुनी सर्टिफिकेटं पडलीत ना कपाटात?"

"पडलीत. पण मी करणार नाही."

भगवंतराव उठून गेले. त्यांनी ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं का, ते चंदनाबाईंना कधी कळलं नाही. करून घेता आलं असतं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडंही होती.

सप्टेंबरात नवे प्रिन्सिपल आले. कॉम्प्युटरवर दुसरं माणूस नेमलं गेलं आणि चंदनाबाईंना लायब्ररीत बसवलं. तिथं दिवसाला चार मुलं यायची. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि पुरुषोत्तमांनी बोलावलं म्हणून बळेपेटेच्या प्रेसमध्ये लागल्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवळांच्या पावत्या. प्रेसमध्ये यंत्राचा आवाज एवढा की बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागे, म्हणून तिथंही फारसं कोणी बोलत नसे. निरोपाला इन्स्टिट्यूटनं शाल दिली. ती त्यांनी भावाच्या बायकोला देऊन टाकली.

बसवनगुडीला जायचं मात्र त्यांनी टाळलं. त्या दिवशीचा राग आपल्यावरचाच असावा, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. पाच महिने गेले.

डिसेंबरात एकदा प्रेसमध्ये फोन आला. स्मिता होती.

"चंदनाताई, तुम्ही येतच नाही. बाबा डाव्या हातानं लिहायला लागलेत. एकदा येऊन बघा ना."

रविवारी त्या गेल्या. जयसिंगराव व्हरांड्यात त्याच खुर्चीत होते, मांडीवर पाट, पाटावर दोनरेघी वही. चंदनाबाईंना पाहून ते म्हणाले, "सरी," आणि डाव्या हातानं शेजारच्या खुर्चीवर थोपटलं. इतक्या वर्षांत त्यांनी चंदनाबाईंना शेजारी बस असं कधी म्हटलं नव्हतं.

वहीची पानंच्या पानं भरली होती. सगळीकडं स्वतःचं नाव, आणि तेही मराठीत. पहिलीतल्या मुलासारखी थोराड, डळमळती अक्षरं, 'ज'चा दांडा एकीकडं, 'सि'ची वेलांटी दुसरीकडं. जुन्या सहीशी या नावाचं काही नातं नव्हतं. चंदनाबाई एकेक पान उलटत गेल्या. एका पानाच्या मध्यावर त्या थांबल्या. तिथं नाव त्यांचं होतं. 'चंदना', एकदाच, आणि पुढं खोडून पुन्हा लिहायला घेतलेलं, 'नको दे'. 'दे'ची मात्रा कागद फाटेल इतकी दाबून काढलेली, पुढचा 'ऊ' राहून गेलेला.

"हे कधी लिहिलंत, सर?"

उत्तर स्मितानं दिलं. "गणपतीच्या आसपास. तेव्हाच दाखवायचं होतं त्यांना, पण तुम्ही आलाच नाहीत."

चंदनाबाईंनी पान पुन्हा वाचलं.   जयसिंगरावांनी पेन उचललं आणि पुढची ओळ लिहायला घेतली. वही पाटावरून सरकत होती, म्हणून चंदनाबाईंनी तिची कड धरली. ओळ पूर्ण झाल्यावर त्यांनी वही किंचित वर सरकवली, खालची कोरी ओळ सरांच्या हाताखाली येईल एवढी.

अंधार पडायच्या आत त्या निघाल्या. घरी कुलूप उघडलं, दिवा लावला, एकटीपुरता भात टाकला. पुढच्या रविवारी जाताना नवी वही न्यायची, चाररेघी घेऊ, त्यात अक्षर नीट बसतं, असं त्या तांदूळ धुता धुता म्हणाल्या. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाल्या.